चार बिलं आणि एक जॉब

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात पंप बनवणारा एक मध्यम कारखाना डोळ्यासमोर आणा. वीस-पंचवीस कामगार, चार लेथ, दोन ड्रिलिंग मशीन, टेस्टिंगची एक टाकी आणि काचेच्या केबिनमध्ये बसणारा हिशेबनीस. एका साखर कारखान्याकडून त्यांना उसाचा रस उपसणाऱ्या 40 खास पंपांची ऑर्डर मिळाली. जॉब नंबर पडला, जॉब कार्ड उघडलं. बीड, स्टील, बेअरिंग कार्डावर चढलं. फिटर आणि टर्नरचे तासही चढले. इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं.

मग हिशेबनिसाच्या टेबलावर चार बिलं येतात. पहिलं पंख्याच्या पेटंट रचनेच्या रॉयल्टीचं, दुसरं या पंपासाठी खास बनवलेल्या पॅटर्न आणि जिगचं, तिसरं बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या ड्रॉइंगचं आणि चौथं माल आणणाऱ्या ट्रकच्या भाड्याचं. यात वस्तू म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, पॅटर्न आणि जिग, आणि तीही पंपाबरोबर गिऱ्हाइकाकडे जात नाही. मजुरी तर यातली कुठलीच नाही. "जाऊ दे, ओव्हरहेडमध्ये टाका," असं मालक म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. नफा कुठे गेला याचा शोध मात्र पुढे वर्षभर चालतो.

हा कारखाना आणि त्यातले आकडे मी समजावण्यापुरते योजले आहेत, पण असे जॉब अनेक वर्कशॉपमध्ये रोज चालतात.

नावावरून ठरत नाही

ओव्हरहेड म्हणजे कुठल्याही एका जॉबच्या नावे मांडता येत नाही असा सामायिक खर्च. शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा, ऑफिसातला चहा हे सगळं त्यात येतं. पाठ्यपुस्तकात त्याला उपरिव्यय म्हणतात, शॉपमध्ये कुणी म्हणत नाही. हा खर्च वर्षाचा एकत्र करून, एखादं माप धरून, सगळ्या जॉबवर वाटतात. आपल्या कारखान्यात मजुरीच्या टक्केवारीने वाटण्याची पद्धत आहे असं धरू.

याउलट जो खर्च थेट एका जॉबकडे बोट दाखवतो तो प्रत्यक्ष खर्च. तो वाटायचा नसतो, त्या जॉबच्या कार्डावर जसाच्या तसा चढवायचा असतो. कच्चा माल आणि मजुरी हे त्याचे दोन ठळक प्रकार. तिसरा प्रकार म्हणजे माल नाही, मजुरी नाही, पण त्या जॉबचाच असा खर्च. हिशेबाच्या भाषेत त्याला डायरेक्ट एक्स्पेन्सेस म्हणतात. लहान वर्कशॉपमध्ये बहुतेकदा हाच रकाना रिकामा राहतो.

लग्नाच्या जेवणाचं काम घेणाऱ्या आचाऱ्याला हा भेद कुणी शिकवावा लागत नाही. त्याची रोजची पातेली सगळ्या लग्नांना वापरली जातात, म्हणून त्यांची झीज तो दरात थोडी थोडी धरतो. एका लग्नाला हजार पानं आहेत म्हणून त्याने मोठी कढई भाड्याने आणली, तर ते भाडं तो त्याच यजमानाच्या बिलात लावतो. पुढच्या महिन्यातल्या बारशावर वाटत नाही.

म्हणून बिल हातात आलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा जॉब आला नसता, तर हे बिल आलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर खर्च त्या जॉबचा. दुसरा प्रश्न: जॉब संपल्यावर या खर्चातून काही उरणार आहे का, जे पुढच्या जॉबला उपयोगी पडेल? उरणार असेल, तर तेवढा भाग या जॉबवर टाकायचा नाही. तिसरा प्रश्न व्यवहाराचा: खर्च मागोवा घेण्याइतका मोठा आहे का? दीडशे रुपयांच्या रिक्षाभाड्यासाठी चार जॉबची विभागणी करत बसण्यात अर्थ नाही. ते ओव्हरहेडमध्ये गेलं तर बिघडत नाही.

1959 च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळालेल्या, कॉस्ट अकाउंटंटांच्या राष्ट्रीय संस्थेने या विषयावर मानकं काढली आहेत. त्यातलं सहावं मानक मालाच्या खर्चाचं, दहावं डायरेक्ट एक्स्पेन्सेसचं आणि विसावं रॉयल्टी व तांत्रिक ज्ञानाच्या शुल्काचं. त्यांच्या भाषेतून सार काढलं तर हेच तीन प्रश्न हाती लागतात. आता ते एकेका बिलाला विचारू.

रॉयल्टी: कशावर मोजली?

आपल्या पंपाच्या पंख्याची रचना दुसऱ्याच्या पेटंटची आहे. बनलेल्या प्रत्येक पंपामागे 1,500 रुपये द्यायचे असा करार आहे. 40 पंपांचे 60,000 झाले. जॉब आला नसता तर हे द्यावे लागले नसते, म्हणून ते सरळ जॉबवर.

पण करारातला एक शब्द बदलला की उत्तर बदलतं. रॉयल्टी 'विकलेल्या' पंपामागे असती, तर पंप बनून गोदामात पडून राहिला तरी काही देणं लागलं नसतं. तो खर्च बनवण्याचा नाही, विकण्याचा. तो कारखान्याच्या उत्पादनखर्चात न धरता विक्रीखर्चात दाखवतात. साखर कारखान्याच्या ऑर्डरवर शेवटी दोन्ही आकडे सारखेच येतील, पण वर्षअखेरीस न विकलेल्या पंपांची किंमत लावताना फरक पडतो.

किमान रकमेची अट असेल तर आणखी एक पेच उभा राहतो. समजा करारात लिहिलं आहे की वर्षाला किमान एक लाख द्यायचेच, आणि वर्षभरात हा पंप फक्त याच जॉबमध्ये बनला. प्रत्येक पंपामागे धरले तर 60,000 होतात, द्यायचे मात्र एक लाख. वरचे 40,000 या जॉबवर टाकावेत का? नाही. ते या 40 पंपांमुळे लागले नाहीत, पुरेसे पंप बनले नाहीत म्हणून लागले. हा जॉब आला नसता तरी किमान रक्कम सुटली नसती. ते 40,000 कारखान्याचे, जॉबचे नाहीत.

एकरकमी रॉयल्टी दिली असेल, तर त्या परवान्यावर एकूण किती पंप बनतील याचा अंदाज बांधून ती तेवढ्या पंपांवर पसरवायची. पहिल्याच ऑर्डरवर सगळी चढवली तर पहिलं गिऱ्हाईक पुढच्या सगळ्यांचं भाडं भरतं.

खाणीची रॉयल्टी मात्र वेगळी. खडी-मुरूम उचलणारा ठेकेदार ब्रासमागे सरकारला जी रॉयल्टी भरतो, ती दगडाच्या किमतीचाच भाग आहे. ती मालाच्या खर्चात धरायची, वेगळ्या रकान्यात नाही.

पॅटर्न आणि जिग: जॉबनंतर काय उरतं?

पंपाची बॉडी फाउंड्रीत ओतायची तर आधी पॅटर्न लागतो, तो पंपवाल्याने आपल्या पैशाने करून फाउंड्रीला द्यायचा. आपल्या जॉबसाठी ॲल्युमिनियमचा पॅटर्न 80,000 ला पडला. बॉडीला भोकं नेमक्या जागी पाडायला ड्रिलिंग जिग लागला, तो 48,000 ला. दोन्ही मिळून 1,28,000. दोन्ही दुसऱ्या पंपाला बसत नाहीत.

ते बसत असते, तर गोष्ट वेगळी. नेहमीच्या ड्रिल, टॅप किंवा व्हाइससारखी हत्यारं सगळ्या जॉबना लागतात, त्यांचा खर्च किंवा घसारा ओव्हरहेडमध्येच जातो. खास हत्यार म्हणजे या जॉबच्या आकाराचं, दुसऱ्या कुठे न चालणारं. जॉब संपल्यावर ते भंगारात गेलं तर 8,000 रुपये येतील असा अंदाज आहे. तेवढे वजा करून 1,20,000 या जॉबवर.

इथे मालक हमखास म्हणतात, "पुढच्या वर्षी हीच ऑर्डर पुन्हा येणार आहे, तेव्हा पॅटर्न वापरूच की." आणखी 80 पंपांची लेखी ऑर्डर हातात असेल तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हा 1,20,000 रुपये 120 पंपांवर पसरतील, पंपामागे 1,000 होतील आणि या जॉबवर फक्त 40,000 येतील. पण नुसता शब्द असेल, तर तो आशेवरचा हिशेब झाला. ऑर्डर आली नाही की उरलेले 80,000 कुणाच्याही जॉब कार्डावर बसत नाहीत आणि सरळ तोट्यात जातात. या एका निर्णयाने जॉबचा नफा उलटतो, ते पुढे दिसेलच.

गिऱ्हाइकाने टूलिंगचे पैसे वेगळे दिले असतील, तर ते जॉब कार्डावर पुन्हा चढवायचे नाहीत. वाहन उद्योगात ही पद्धत सर्रास आहे. तिथे पॅटर्न किंवा डाय आपल्या शेडमध्ये असतो, पण मालक तो नसतो.

ड्रॉइंग: जिंकलेल्या आणि हरलेल्या जॉबचं

बाहेरच्या डिझायनरने ऑर्डर आल्यावर या पंपाचं ड्रॉइंग काढलं आणि 50,000 रुपये घेतले. हा खर्च जॉबचाच, यात वाद नाही.

घोळ होतो तो कारखान्याचा स्वतःचा डिझायनर असतो तेव्हा. त्याचा पगार दरमहा ठरलेला, जॉब आला काय न आला काय. म्हणून सहसा तो ओव्हरहेडमध्ये टाकतात. तो तासांची नोंद ठेवत असेल, कोणत्या जॉबला किती तास दिले ते लिहीत असेल, तर तेवढ्या तासांचं मोल त्या जॉबवर चढवता येतं. नोंद नसेल तर अंदाजाने चढवू नये. 'याच पंपावर फार वेळ गेला असेल' या आठवणीवर कार्ड भरलं, की त्याच्या आवडत्या जॉबचा खर्च वाढतो आणि नावडत्याचा कमी होतो.

दुसरा घोळ कोटेशनचा. ऑर्डर मिळवायला आधी प्राथमिक ड्रॉइंग काढून द्यावं लागतं. दहा ठिकाणी कोटेशन दिलं, दोन ऑर्डरी मिळाल्या. उरलेल्या आठ ठिकाणच्या ड्रॉइंगचा खर्च कुणाचा? जिंकलेल्या दोन जॉबवर तो टाकायचा मोह होतो, पण ते जॉब आले नसते तरी ती आठ ड्रॉइंगं निघालीच असती. तो ऑर्डर मिळवण्याचा खर्च आहे, म्हणून विक्रीच्या ओव्हरहेडमध्ये.

ट्रकचं भाडं: मालाच्या पोटात

चौथं बिल सगळ्यात साधं दिसतं आणि चुकीच्या रकान्यात मात्र तेच सर्वांत जास्त वेळा जातं. कळंबोलीच्या स्टील बाजारातून या जॉबसाठी स्टेनलेस स्टीलचे बार मागवले, खास ट्रक केला, भाडं 20,000. हा प्रत्यक्ष खर्च आहे, पण डायरेक्ट एक्स्पेन्सेसच्या रकान्यात नाही. माल कारखान्याच्या दारात येईपर्यंत जे लागलं ते मालाची किंमत, म्हणून तो मालाच्या खर्चातच मिळवायचा. सहावं मानक हेच सांगतं. भाड्यावरच्या जीएसटीचा परतावा मिळत असेल तर तो कर मात्र धरायचा नाही. इथले सगळे आकडे कराशिवायचे आहेत.

दुसरा टेम्पो अनेक जॉबचा माल घेऊन आला, भाडं 8,000. त्यातल्या चार टनांपैकी एक टन आपल्या जॉबचा. वजनाने वाटलं तर 2,000 आपल्या वाट्याला. वजन हे माप इथे योग्य आहे, कारण टेम्पोचं भाडं वजनावर ठरतं. किमतीने वाटलं असतं तर डबाभर बेअरिंगने अर्धं भाडं उचललं असतं. रोजचे किरकोळ टेम्पो असे वाटणं परवडत नसेल, तर वर्षाचं भाडं एकत्र करून खरेदीच्या टक्केवारीने मालावर लावतात.

पुण्याला जाणाऱ्या तयार पंपाचं भाडं यात येत नाही. माल आत येण्याचं भाडं मालाच्या किमतीत, बाहेर जाण्याचं वितरणाच्या खर्चात.

जलद वाहतुकीचं बिल आलं तर कारण विचारावं. गिऱ्हाइकाने तारीख अलीकडे घेतली म्हणून बेअरिंग जास्त भाडं देऊन मागवली, तर तो जॉबचा खर्च, जमल्यास गिऱ्हाइकाकडून वसूल करण्याचा. आपल्या स्टोअरने ऑर्डर द्यायला विसरून उशीर केला म्हणून तेच भाडं लागलं, तर वरचे पैसे जॉबचे नाहीत. तसंच ट्रक दारात दोन दिवस अडकून पडला म्हणून लागलेल्या थांबण्याच्या दंडाचं. असा अपवादात्मक खर्च जॉबच्या बाहेर, नफातोटा खात्यात. नाहीतर पुढच्या वेळी त्याच आकड्यावर दर काढला जातो आणि चूक कायमची किमतीत बसते.

दोन हिशेब, दोन नफे

आता जॉब पूर्ण मांडू. माल 12,00,000. मजुरी 3,00,000. कारखान्याची वर्षाची प्रत्यक्ष मजुरी 60 लाख आणि ही चार बिलं सोडून ओव्हरहेड 42 लाख, म्हणजे मजुरीच्या 70 टक्के. या जॉबचा वाटा 2,10,000. विक्रीची किंमत पंपामागे 48,000.

बरोबर हिशेब असा. माल आणि भाडं मिळून 12,22,000, मजुरी 3,00,000, रॉयल्टी 60,000, पॅटर्न-जिग 1,20,000, ड्रॉइंग 50,000, ओव्हरहेड 2,10,000. एकूण 19,62,000. पंपामागे 49,050. म्हणजे पंपामागे 1,050 रुपये तोटा.

आता 'ओव्हरहेडमध्ये टाका' हा हिशेब. चारही बिलांचे मिळून 2,52,000 रुपये ओव्हरहेडमध्ये गेले, ते 44,52,000 झालं, दर 70 वरून 74.2 टक्क्यांवर गेला. जॉबचा वाटा 2,22,600. माल आणि मजुरी मिळवून एकूण 17,22,600, पंपामागे 43,065. कागदावर पंपामागे 4,935 रुपये नफा.

जॉब तोच, पैसेही तेवढेच गेले, तरी एका कागदावर तोटा आणि दुसऱ्यावर घसघशीत नफा. दोन्हींतला फरक 2,39,400 रुपयांचा आहे आणि ते पैसे हवेत विरले नाहीत. उरलेल्या 57 लाख मजुरीच्या जॉबवर 4.2 टक्क्यांनी ते जाऊन बसले. एखाद्या साध्या जॉबची मजुरी एक लाख असेल, तर त्याच्यावर रॉयल्टी-पॅटर्नशी काही संबंध नसताना 4,200 रुपये चढले. त्याचं कोटेशन तेवढं वाढलं आणि ऑर्डर शेजारच्या कारखान्याला गेली.

आता पुढच्या 80 पंपांची लेखी ऑर्डर आहे असं धरा. पॅटर्न-जिगचे या जॉबवर 40,000 राहिले, एकूण खर्च 18,82,000 झाला, पंपामागे 47,050. तोट्याच्या जागी 950 रुपये नफा आला. ड्रॉइंगलाही हाच न्याय लावला तर आणखी थोडा. म्हणून मालकाला 'पुन्हा येणार' याचा कागद मागणं हा चिकटपणा नाही. नफा आणि तोटा त्या कागदावर ठरतो.

ओव्हरहेड मजुरीऐवजी सगळ्या प्रत्यक्ष खर्चाच्या टक्केवारीने लावणाऱ्यांनी एक सांभाळावं. रॉयल्टी प्रत्यक्ष रकान्यात आली की तिच्यावरही ओव्हरहेड बसतं, पण रॉयल्टीचं बिल कुठलंही मशीन चालवत नाही आणि शेडमध्ये जागाही घेत नाही. तिथे ओव्हरहेडचं माप मजुरी किंवा मशीनचे तास ठेवणं बरं.

कसं ओळखायचं?

चूक चालू असल्याच्या खुणा कागदावर दिसतात. खास जॉब कार्डावर नेहमी फायद्यात दिसतात आणि साध्या कामांची कोटेशनं मात्र हरतात. सगळ्या जॉब कार्डांच्या नफ्याची बेरीज वर्षाच्या ताळेबंदातल्या नफ्यापेक्षा बरीच जास्त येते, कारण वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेल्या दराने ओव्हरहेड पुरं वसूल झालेलं नसतं. डायरेक्ट एक्स्पेन्सेसचा रकाना वर्षभर कोरा असतो, हे तर उघडच.

दुरुस्ती फार मोठी नाही. रॉयल्टी, टूलिंग, ड्रॉइंग आणि आवक भाडं यांच्या प्रत्येक बिलावर बिल येईल त्याच दिवशी जॉब नंबर लिहा. एकाही जॉबचं नसेल तर तसंही लिहा, आणि विभागायचं असेल तर कशाने विभागलं तेही. मार्चअखेर हिशेबनीस फाईल उघडतो तेव्हा कळंबोलीचा ट्रक कुणासाठी आला होता हे ड्रायव्हरलाही आठवत नाही, आणि नंबर नसलेलं बिल शेवटी ओव्हरहेडमध्येच जातं.